ओळखपत्र खिशात, नंबर होडीवर. तरीही दंड का होतो? मुंबई उपनगरातल्या मच्छीमारांच्या तीन कागदांचा हिशोब

वर्सोवा, मढ, भाटी, मनोरी, गोराई, चारकोप असो की खाडीच्या बाजूचे भांडुप, मुलुंड, कांजूरमार्ग, प्रत्येक कोळीवाड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "आमच्याकडे कार्ड आहे ना!" गस्तीच्या बोटीने अडवलं की हेच सांगितलं जातं, नुकसानभरपाईची यादी लागली आणि त्यात नाव नसलं तरी हेच. कार्ड खोटं नसतं. पण समोरचा अधिकारी जे विचारतोय, त्याचं उत्तर त्या कार्डावर नसतं.

मच्छीमाराकडे तीन वेगळे कागद लागतात. ओळखपत्र माणसाचं असतं. नोंदणी होडीची असते. परवाना असतो तो त्या होडीने, त्या जाळ्याने मासेमारी करण्याचा. गडबड बहुतेक वेळा इथेच होते: एक कागद दाखवून दुसऱ्याचं काम भागेल असं आपण धरून चालतो.

'कुबेर' बोटीने काय शिकवलं?

हे तीन कागद वेगळे का, हे समजायला २६ नोव्हेंबर २००८ आठवावा लागेल. दहशतवादी समुद्रातून मुंबईत आले, ते 'कुबेर' नावाची मासेमारी बोट ताब्यात घेऊन. ती बोट पोरबंदरची होती आणि खरीखुरी होती. होडी खरी, पण आतली माणसं भलतीच, अशी स्थिती होती. म्हणजे नोंदणी नंबर बघून होडी कोणाची ते कळतं, आत कोण बसलंय ते कळत नाही.

त्यानंतर केंद्र सरकारने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रं आणली. त्याच काळात सगळ्या राज्यांच्या होड्यांची नोंदणी एका संगणक प्रणालीवर आली. तिचं नाव `ReALCraft`. मर्चंट शिपिंग कायद्याखालची नोंदणी आणि राज्याच्या कायद्याखालचा परवाना, दोन्हींचे अर्ज याच प्रणालीवरून होतात.

तेव्हा ओळखपत्र हा मुळात सुरक्षेचा कागद आहे. तटरक्षक दल किंवा सागरी पोलिसांनी विचारलं, "तू कोण?" तर ते दाखवायचं. त्याने मासेमारीचा हक्क मिळत नाही.

परवाना माणसाला नाही, होडीला

आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा पट्टा राज्याच्या अखत्यारीत येतो. या कायद्यात परवाना होडीला मिळतो. म्हणून कार्डधारक तांडेल बिनपरवाना होडी घेऊन गेला, तर ती मासेमारी बिनपरवानाच धरली जाते.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. या कायद्यात 'मासेमारी नौका' म्हणजे फक्त इंजिनवाली नौका नाही. वल्ह्याची, शिडाची होडीही त्यात येते. "आमची लहान होडी, आम्हाला कशाला परवाना?" हा समज चुकीचा आहे.

परवान्यात जाळ्याचाही विचार होतो. डोल जाळ्यासाठी घेतलेल्या परवान्यावर ट्रॉल ओढता येत नाही. पर्ससीनवर तर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आणखी कडक बंधनं आली.

आणि २०२१ मध्ये हा कायदा बदलला. पूर्वी दंडाची प्रकरणं तहसीलदाराकडे जायची आणि तिथे रेंगाळायची. आता ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच सहायक आयुक्ताकडे आहेत. बिनपरवाना मासेमारीला ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. एलईडी दिव्यांनी किंवा बुल ट्रॉलिंगने मासेमारी केली तर दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातो. कायद्याचा रोख मोठ्या बेकायदा बोटींवर आहे आणि तशी मागणी पारंपरिक मच्छीमारांचीच होती. पण बिनपरवान्याचं कलम लहान होडीलाही सोडत नाही. कागद अर्धवट असलेला खाडीतला माणूसही त्याच जाळ्यात सापडतो.

एक उदाहरण धरून बघू

समजा, गोराई खाडीत एका कुटुंबाची छोटी होडी आहे. वडिलांनी २०१२ मध्ये लाकडी होडीची नोंदणी केली, वल्ह्याची म्हणजे बिगर यांत्रिकी म्हणून. पुढे लाकूड कुजलं. मुलाने फायबरची होडी आणली आणि जुनाच नंबर तिच्यावर रंगवला. दोन वर्षांनी मागे आउटबोर्ड मशीन लावलं. मग वडील वारले. परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण राहून गेलं. मुलाकडे स्वतःचं ओळखपत्र आहे, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्वही आहे.

जुलै महिन्यात तो खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला जातो. त्याला वाटतं, पावसाळी बंदी मोठ्या बोटींना असते. गस्तवाले अडवतात.

आता कागद काय सांगतात ते बघा. `IND-MH` ने सुरू होणाऱ्या नंबरात पुढे जी इंग्रजी अक्षरं असतात, त्यातून होडीचा प्रकार कळतो. `MM` म्हणजे यांत्रिकी, `MO` म्हणजे बाहेरून मशीन लावलेली आणि `NM` म्हणजे बिगर यांत्रिकी. या होडीवर `NM` लिहिलंय आणि मागे मशीन लटकतंय. तपासणाऱ्याला कागद मागायचीही गरज नाही, गडबड लांबूनच दिसते.

पावसाळी बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै असते. त्यातून सूट आहे ती पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगर यांत्रिकी नौकांना. सूट होडीच्या लांबीवर नाही, मशीन आहे की नाही यावर आहे. मशीन लावलं त्या दिवशी ही सूट गेली.

बाकीचे दोष पाण्याखाली आहेत. नोंदणी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत. नोंदणी लाकडी होडीची आहे आणि ती होडीच उरलेली नाही. परवाना संपलेला आहे. चार दोष झाले, पण मुलाला वाटतं फक्त 'रिन्यू' करायचं राहिलंय.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

असं प्रकरण घेऊन थेट परवाना नूतनीकरणाला गेलं की अर्ज अडकतो. परवाना शेवटचा कागद आहे. त्याच्या आधीचं जुळलं नाही तर तो मिळत नाही.

पहिलं काम मालकी. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांची संमती, जुनं नोंदणी प्रमाणपत्र आणि सोसायटीचं पत्र घेऊन वारसाच्या नावे बदल करून घ्यायचा. भावंडांची सही आधी घ्यावी. होडी कोणाची यावरून घरात वाद निघाला तर खातं मध्ये पडत नाही, अर्ज बाजूला पडतो.

दुसरं काम होडीचं. नंबर हा होडीला दिलेला असतो, कुटुंबाला नाही. जुनी होडी मोडीत निघाली हे कळवून नव्या होडीची नोंद करावी लागते. इथे खरेदीची किंवा बांधणीची पावती लागते. नवी होडी बांधायला टाकण्याआधीच खात्याला विचारून घ्यावं, कारण परवानगीशिवाय बांधलेली होडी नंतर नोंदवून घेणं कठीण जातं.

तिसरं काम इंजिनाचं. त्याचं बिल, कंपनी, अश्वशक्ती आणि इंजिन नंबर हे सगळं नोंदीत यायला हवं. जुन्या बाजारातून बिलाशिवाय घेतलेलं मशीन इथे नडतं. मग अधिकारी प्रत्यक्ष येऊन होडीची लांबी, रुंदी, खोली मोजतात आणि इंजिन नंबर ताडून बघतात.

हे झाल्यावर परवान्याचा अर्ज. त्यात आपण खरंच वापरतो तेच जाळं लिहायचं.

या सगळ्यासाठी योग्य वेळ म्हणजे बंदीचे दोन महिने. होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, तपासणी सोपी होते. नारळी पौर्णिमेनंतर होडी दर्यात गेली की माणूसही सापडत नाही आणि होडीही.

कागद नसण्याची खरी किंमत

दंड एकदा भरून सुटता येतं. खरा तोटा वेगळा आहे.

डिझेल परताव्याला नोंदणी आणि चालू परवाना दोन्ही लागतात. मधली काही वर्षं परवाना नसेल, तर त्या वर्षांचा परतावा मागून मिळत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये आहेत. पण तो विमा नावाने असतो. म्हणून होडीवरच्या खलाशाचंही नाव विम्यात आणि टोकनवरच्या यादीत हवं. परप्रांतातला खलाशी असेल तर त्याचं आधार आधी तपासून घ्यावं. यादीत नसलेला माणूस बुडाला, तर तो त्या दिवशी होडीवर होता हेच आधी सिद्ध करावं लागतं.

सगळ्यात मोठा प्रश्न प्रकल्पांचा. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशी गावच्या मच्छीमार सोसायटीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२१ मध्ये न्यायालयाने परंपरेने चालत आलेल्या मासेमारीचा हक्क मानला आणि भरपाईचा मार्ग मोकळा केला. त्याच खाडीच्या अलीकडच्या काठावर मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग आहेत. पश्चिमेला वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूचं काम सुरू आहे, पुढे भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता येतोय. उद्या बाधितांची यादी करायला बसले, की पहिली रांग नोंदणीकृत होडी आणि चालू परवाना असलेल्यांची लागते.

आणि इथेच या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. तिचे दोन कागद होडीभोवती फिरतात. चिखलात उतरून हाताने निवट्या, शिंपल्या, खेकडे पकडणाऱ्या बायका-पुरुषांकडे होडी नसते. म्हणजे नोंदणी नाही आणि परवानाही नाही. त्यांच्याकडे असलाच तर एकच कागद असतो, ओळखपत्र किंवा सोसायटीचं सभासदत्व. होडीवाल्यासाठी अपुरं असलेलं कार्ड या लोकांसाठी मात्र एकमेव पुरावा आहे. सोसायट्यांनी त्यांची नावं सभासद यादीत घेतली नाहीत, तर खाडी भरली जाताना त्यांचा धंदा होता हे दाखवायला काहीच उरणार नाही.

तेव्हा आज घरी एवढंच करा. नोंदणी प्रमाणपत्र काढा आणि होडीशेजारी उभं राहून वाचा. मालकाचं नाव, होडीचा प्रकार, मापं, इंजिन नंबर. मग परवान्यावरचं जाळं आणि मुदतीची तारीख. कागदावर एक आणि समोर दुसरं दिसलं, तर ते गस्तीच्या बोटीआधी तुम्हाला दिसलेलं बरं.