कॅमेरा वाकडा केलात, पण कोणासाठी?

कॉलेजच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत सलग दहा फिल्म्स बघितल्या आहेत कधी? मी बघितल्यात. तिसऱ्या फिल्मपर्यंत मान एका बाजूला कलते. हिरोचं ब्रेकअप झालं, कॅमेरा तिरका. परीक्षेत नापास झाला, कॅमेरा तिरका. आईने चहा आणून दिला, तरी कॅमेरा तिरकाच! आणि मध्येच कधीतरी आपण हिरोच्या डोळ्यांतून धावायला लागतो, धापा टाकत, जिने उतरत. दिग्दर्शकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘प्रेक्षक कॅरेक्टरशी कनेक्ट व्हावा म्हणून.’

माझं म्हणणं असं की, नेमकं हेच होत नाही. कोणाच्या डोळ्यांतून बघितलं म्हणून आपण त्याचे होत नाही, आणि फ्रेम कलली म्हणून आपण अस्वस्थ होत नाही.

आधी पीओव्ही शॉट घेऊ, म्हणजे पात्राला जे दिसतं ते आपल्याला दाखवणारा शॉट. साधारणपणे तो एकटा येत नाही. आधी पात्र कुठेतरी बघताना दिसतं, मग त्याला काय दिसतंय ते येतं आणि मग परत त्याचा चेहरा. यातला तिसरा तुकडा लोक हमखास गाळतात, आणि खरं काम तोच करतो. समोर दार उघडं दिसलं, एवढ्याने आपल्याला काही वाटत नाही. ते बघून तिचा चेहरा उतरला, की आपल्याही पोटात गोळा येतो.

हा चेहरा काढून टाकला तर काय होतं, याचा प्रयोग हॉलीवूडने १९४७ मध्येच करून ठेवलाय. रॉबर्ट मॉन्टगोमेरीने ‘लेडी इन द लेक’ हा डिटेक्टिव्हपट जवळपास पूर्णपणे डिटेक्टिव्ह फिलिप मार्लोच्या नजरेतून शूट केला. मार्लोची भूमिकाही त्यानेच केली होती. ठोसा थेट लेन्सवर येतो, नायिका किस करायला लेन्सकडे झुकते. मार्लो आपल्याला दिसतो तो फक्त आरशात, नाहीतर मधूनमधून आपल्याशी बोलायला येतो तेव्हा. आयडिया भारी वाटते ना? पण फिल्म बघताना मार्लोला काय वाटतंय, ते कळतच नाही. ठोसा बसला तरी आपल्याला लागत नाही, कारण वेदना दिसायला चेहराच नाही. आपण मार्लो होतच नाही. मार्लोच्या मानेवर बसवलेला कॅमेरा तेवढे होतो.

आता त्याच हत्याराचा शहाणा वापर बघा. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. यात जॉनथन डेमी आणि सिनेमॅटोग्राफर टाक फुजिमोटो यांनी एक साधी युक्ती केली आहे. एफबीआयची ट्रेनी क्लॅरिस, म्हणजे जोडी फॉस्टर, समोरच्या पुरुषांशी बोलते तेव्हा ते पुरुष थेट लेन्समध्ये बघतात. तिचा बॉस, हॉस्पिटलचा तो चिकट डॉक्टर, हॅनिबल लेक्टर, सगळे. म्हणजे ते आपल्याकडे रोखून बघतात. पण क्लॅरिसचा क्लोज-अप येतो तेव्हा ती बहुतेक वेळा लेन्सच्या किंचित बाजूला बघत असते.

फरक केवढासा आहे बघा. तिच्यावर रोखलेल्या नजरा आपण झेलतो आणि लगेच त्यांचा तिच्यावर होणारा परिणामही तिच्या चेहऱ्यावर बघतो. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या मुलीला काय वाटतं, हे एकही भाषण न देता कळतं. फिल्म पुन्हा लावाल तेव्हा आवाज बंद करून फक्त कोण कुठे बघतंय तेवढं पाहा.

आणि मग तो शेवटचा तळघराचा सीन. लाइट गेलेत. खुनी नाइट-व्हिजन चष्मा लावून क्लॅरिसला बघतोय आणि आपण त्याच्या डोळ्यांतून तिला हिरवट उजेडात चाचपडताना बघतोय. त्याचा हात फ्रेममध्ये येतो, तिच्या केसांपाशी जातो. नजर पूर्णपणे खुन्याची आहे. पण तुम्ही कोणासाठी श्वास रोखून धरता? क्लॅरिससाठीच! कारण दीड तासाहून जास्त वेळ आपण तिचा चेहरा वाचत आलोय. पीओव्ही म्हणजे आपोआप सहानुभूती असती, तर इथे आपण खुन्याच्या बाजूने असतो.

‘मग अख्खी फिल्म पीओव्हीत करूच नये का?’ करा की. ‘निकेल बॉइज’ (२०२४) बरीचशी तशीच आहे. पण दिग्दर्शक रमेल रॉसने नजर दोन मुलांमध्ये वाटली, एल्वूड आणि टर्नर. सुरुवातीला आपण एल्वूडच्या नजरेत असतो. सुधारगृहात त्याला टर्नर भेटतो आणि मग कॅमेरा टर्नरकडे जातो. तेव्हा आपल्याला एल्वूड नीट समोरून दिसतो, त्याच्या मित्राला दिसतो तसा. ‘लेडी इन द लेक’मध्ये हरवलेला चेहरा इथे असा परत मिळतो.

आता डच अँगल. यातला ‘डच’ हॉलंडचा नाही, तो ‘डॉइच’ म्हणजे जर्मनचा अपभ्रंश मानला जातो. कॅमेरा एका बाजूला कलवायचा, की क्षितिज आणि दारं-खांब तिरपे दिसतात. कोऱ्या भिंतीसमोर कॅमेरा कलवून काहीच होत नाही, कारण काय तिरकं झालं ते डोळ्याला कळायला सरळ रेघ लागते. आणि अगदी थोडासा कलवला तर ‘ट्रायपॉड नीट लावला नव्हता का?’ असंच वाटतं.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९). महायुद्धानंतरचं व्हिएन्ना चार देशांच्या फौजांनी वाटून घेतलेलं. अमेरिकन लेखक हॉली मित्राला भेटायला येतो, तर कळतं की मित्र मेला. त्याला जर्मन येत नाही. लोक जर्मन बोलतात आणि त्याला सबटायटल्सही नाहीत, म्हणजे आपणही त्याच्याइतकेच अडाणी. त्यात चेहरे, जिने, गल्ल्या तिरक्या. इथे तिरकेपणाला मालक आहे: कोणावर विश्वास ठेवावा हे न कळणारा हॉली. तरीही तो इतका वापरलाय की, विल्यम वायलर या दिग्दर्शकाने रीडला गमतीने गवंड्याची लेव्हल भेट दिली होती, असा किस्सा सांगतात. पण शेवटचा शॉट आठवा. दफनभूमीचा लांब रस्ता, दुरून चालत येणारी ॲना, वाट बघणारा हॉली. कॅमेरा सरळ आणि स्थिर. ती त्याच्याकडे न बघता निघून जाते. सगळं कळून चुकलंय, आता तिरकं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

उलट ‘बॅटलफील्ड अर्थ’ (२०००) बघा. तिथे जवळजवळ प्रत्येक शॉट कललेला आहे. दहा मिनिटांत डोळ्याला तेच नॉर्मल वाटायला लागतं. मग खरंच काही भयंकर घडतं, तेव्हा दिग्दर्शकाच्या हातात कलवायला काही शिल्लकच नसतं.

तर पुढच्या वेळी एडिटला बसलात की, तिरका शॉट सॉफ्टवेअरमध्ये फिरवून सरळ करून बघा. कडा कापल्या जातील, जाऊ द्या. सीनमधलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं तर तिरकाच ठेवा. काहीच गेलं नाही तर सरळ ठेवा. आणि पीओव्ही शॉटच्या पुढे चेहरा आहे का, तेही तपासा. नसेल तर ॲक्टरला परत बोलवा. रीशूटचा कंटाळा येईल, पण शॉट तोच आहे.