अर्जातला एक तुटवडा



माझ्या भाच्याने सप्लाय चेन प्लॅनरच्या जागेसाठी अर्ज लिहिला आणि मला तपासायला दिला. ‘मी मेहनती, प्रामाणिक असून मला नियोजनाची आवड आहे.’ अगदी आपण वर्गात शिकवतो तसा! चूक त्याची नाही, आपल्या पत्रलेखनाच्या नमुन्याची आहे. माल कधी आणि किती मागवायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या अर्जात विशेषणं काय कामाची? मी म्हटलं, “तुझ्याकडे माल संपला होता ना कधी? तेवढंच लिही.”

तो वह्यांच्या एका घाऊक दुकानात काम करतो. गेल्या वर्षी जूनमध्ये 400 बॉक्स होते, ते शाळा उघडायच्या सुमाराला संपले. नवा माल यायला 20 दिवस लागतात, म्हणजे हंगाम गेलाच. आता खरी गंमत पुढे आहे. यंदाचा अंदाज काढताना मालक म्हणाले, गेल्या जूनला 400 विकले, तेवढेच मागवू. पण 400 ही विक्री होती, मागणी नव्हती. माल नसताना परत गेलेलं गिऱ्हाईक विक्रीच्या आकड्यात दिसतच नाही. त्यामुळे दरवर्षी तोच तुटवडा पुन्हा पडतो आणि कागदावर अंदाज मात्र बरोबर ठरतो.

भाच्याने ऑर्डरची जुनी वही काढली. त्यात न दिलेले 150 बॉक्स सापडले. काही दुकानदारांनी तीच मागणी आठवड्याने पुन्हा नोंदवली होती. ती दुबार नोंद वगळल्यावर 120 उरले. म्हणजे मागणी 520. तेवढ्यांची ऑर्डर त्याने मेच्या सुरुवातीलाच द्यायला लावली.

मग अर्जातला परिच्छेद असा झाला:

‘गेल्या जूनमध्ये 520 बॉक्सची मागणी असताना आम्ही 400 पुरवू शकलो, म्हणजे 77 टक्के. अंदाज केवळ विक्रीवरून काढला जात होता. मी न पुरवलेल्या ऑर्डर मोजून तो सुधारला. या जूनमध्ये 500 ची मागणी आली, 490 पुरवले, म्हणजे 98 टक्के. चौकटीच्या वह्या 10 बॉक्स कमी पडल्या आणि एकेरी रेघांच्या 30 बॉक्स उरल्या, कारण मी अंदाज प्रकारानुसार काढला नव्हता.’

शेवटचं वाक्य त्याला खोडायचं होतं. मी नको म्हटलं. नुसते 98 टक्के वाचले, तर ढीगभर माल मागवून कुणीही ते गाठेल. किती उरलं हे सांगितलं तरच अंदाज सुधारला की नुसती ऑर्डर वाढवली, ते कळतं. आणि ‘आम्ही पुरवले’, ‘मी मोजले’ हा फरकही ठेवायला लावला. ऑर्डरवर सही मालकांची होती, मोजणी त्याची.

“पण हा एकाच हंगामाचा आकडा आहे, मामा,” तो म्हणाला. खरंय. म्हणून ‘दरवर्षी’ हा शब्द आम्ही कुठेच घातला नाही. अर्ज मंगळवारी गेला, त्या 30 बॉक्ससकट.