फोटोतला बुध्या चालतो कसा?

नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहिली असेल, तर मोरपिसांचा टोप आणि कमरेला भोपळे बांधलेला बुध्या आठवत असेल. त्याच्या एका फोटोवरून गेमचं पात्र करायचं, तर माझ्या मते चेहरा उचलू नये. तो कुणा खऱ्या माणसाचा असतो. ओळख टोप आणि भोपळेच देतात.

फोटो बाजूने काढलेला हवा. टोप, धड, भोपळे, हात, पाय वेगळ्या थरांवर काढा. पलीकडचा पाय फोटोत झाकलेला असतो. अलीकडच्याचीच नक्कल करून रंग गडद करा. मग आठ चित्रं: टाच टेकते, अंग खाली दबतं, मागचा पाय पुढे येतो, अंग उचललं जातं, पुढच्या चारांत पाय बदलतात. पहिली चारच पुन्हा वापरली, तर दरवेळी तोच पाय पुढे पडतो आणि बुध्या लंगडतो.

खरी गंमत भोपळ्यांची. ते धडासोबतच हलले तर चिकटवल्यासारखे दिसतात. त्यांना एक चित्र उशिरा हलवा, पिसांना आणखी एक. आठव्यातली हालचाल पहिल्यात नीट मिसळते का, हे चित्रं गोल फिरवून बघा. चौकटीची उंची मात्र अंग उचललेल्या चित्रावरून ठरवा, नाहीतर टोपाचं टोक कापलं जातं.