मॉलच्या नावाची हळद की स्वतःच्या? आधी अडकणारा पैसा मोजा

वसमत भागात हळद पावडर करणाऱ्या एखाद्या गटापुढे दोन वाटा असतात. मोठ्या मॉलच्या नावाचे पुडे भरून द्यायचे, की स्वतःचं नाव चालवायचं?

समजा, मॉलची ऑर्डर महिन्याला 2 टन आहे. भाव किलोला 180 रुपये, त्यात सुटतात 10. म्हणजे नफा 20 हजार. पण बिल 45 दिवसांनी मिळालं तर 5 लाख 40 हजार कायम अडकून राहतात. वर्षाला 12 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 5,400 होतं. हाती उरतात 14,600.

स्वतःच्या नावाने किलोला 50 सुटले, तर 300 किलोतच 15 हजार होतात. मात्र दुकानदाराची उधारी आणि परत आलेला माल आपल्याच माथी.

खरा धोका मॉलची ऑर्डर थांबल्यावर कळतो. त्यांच्या नावाच्या छापील पिशव्या दुसरीकडे चालत नाहीत, आणि बारीक अक्षरातलं गटाचं नाव गिऱ्हाईक वाचत नाही. म्हणून उरलेल्या पिशव्यांचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावं. उद्यम नोंदणीही आधीच करावी. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. आणि मॉलचं काम चालू असतानाच थोडा माल स्वतःच्या नावाने विकत राहावा.