‘सगळेच धर्म खरे’ एवढं लिहून निबंध संपत नाही

धर्मांचे परस्परविरोधी दावे हा निबंधाचा विषय असला की बहुतेक वह्यांत हत्ती आणि आंधळे हमखास येतात. शेवटी वाक्य ठरलेलं : ‘म्हणून सगळे धर्म खरे, असे अनेकान्तवाद सांगतो.’ माझं मत विचाराल, तर या वाक्याला गुण देऊ नयेत. अनेकान्तवाद असं सांगतच नाही.

मग तो काय सांगतो? समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथातलं उदाहरण बघा. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो दुःखी झाला, मुकुट हवा होता तो खूश झाला, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला काहीच फरक पडला नाही. वस्तू एकच, पण द्रव्य म्हणून ती टिकली आणि पर्याय, म्हणजे अवस्था म्हणून बदलली.

आता हेच आत्म्याला लावा. वेदान्ती म्हणतात, आत्मा नित्य आहे. बौद्ध म्हणतात, सगळं क्षणिक आहे. जैन उत्तर असं : द्रव्याच्या अपेक्षेने जीव नित्य, पर्यायाच्या अपेक्षेने अनित्य. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, तर ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. शंकराचार्यांचा आक्षेप आहे की एकाच वस्तूत विरुद्ध धर्म एकाच वेळी राहू शकत नाहीत. त्यावर जैनांचं उत्तर हेच, की अपेक्षा वेगळी असेल तर विरोध उरत नाही.

पण इथे एक गोष्ट निसटते. जैनांनी या दोन्ही मतांना पूर्ण खरं म्हटलेलं नाही. ‘फक्त नित्यच’ किंवा ‘फक्त क्षणिकच’ असा हट्ट धरला की तो दुर्नय, म्हणजे चूक. शिवाय जगाचा कर्ता ईश्वर आहे, हे मत मल्लिषेणांनी ‘स्याद्वादमंजरी’त चक्क खोडून काढलं आहे. तिथे ‘तुमचंही एका अर्थी खरं’ म्हणून विषय सोडून दिलेला नाही. आणि हत्तीच्या गोष्टीतही, आंधळे चुकतात हे कळायला पूर्ण हत्ती पाहणारा कुणीतरी लागतोच. जैन मतात तो केवलज्ञानी. म्हणजे हाही एक सत्याचा दावाच झाला!

म्हणून निबंध लिहिताना आधी दोन दावे नेमके मांडा. मग विचारा : दोघं एकाच वस्तूबद्दल, एकाच अपेक्षेने बोलताहेत का? अपेक्षा वेगळी असेल, तर ती कोणती ते नाव घेऊन लिहा. नुसतं ‘दृष्टिकोन वेगळा’ पुरत नाही. अपेक्षा एकच असेल, जसं ‘जगाला कर्ता आहे’ आणि ‘नाही’, तर विरोध खरा आहे हे कबूल करा आणि युक्तिवादाकडे वळा. अनेकान्तवाद कुठवर चालतो हे दाखवणारा निबंध, तो सगळीकडे चालवणाऱ्या निबंधापेक्षा केव्हाही सरस.