न ऐकता दिलेला निकाल हा निकालच नाही



वनहक्काचे दावे अपात्र ठरल्याची पत्रं सध्या पाड्यापाड्यात येतायत. पत्र बहुतेक एका ओळीचं असतं. "१३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध होत नाही, सबब दावा अमान्य." खाली सही आणि शिक्का. काही ठिकाणी तर पत्रही नाही, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नुसती यादी. आपली माणसं ती यादी वाचतात आणि म्हणतात, सरकारने ठरवलं, आता काय करायचं?

आमचं म्हणणं असं की सरकारने ठरवलं म्हणजे ते बरोबर ठरवलं असं होत नाही. कसं ठरवलं तेही बघावं लागतं. कायद्यात याला नैसर्गिक न्याय म्हणतात. शब्द जड आहे, पण आत दोनच गोष्टी आहेत. ज्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा त्याचं आधी ऐकून घ्या. आणि ज्याचं त्या भांडणात काही गुंतलेलं आहे त्याने निकाल देऊ नये. बांधावरून दोन भावांचं भांडण झालं तर पाड्यावर आपण हेच करतो. दोघांना समोरासमोर बसवतो आणि एकाच्या सासऱ्याला पंच करत नाही.

आधी ऐकून घेण्याचं बघू. कोणी म्हणेल, कागद तर जोडलेच होते, मग बोलून वेगळं काय होणार? म्हणून एका काकांच्या दाव्याची गोष्ट सांगतो. नाव आणि ऑफिस इथे देत नाही, कारण त्यांचं अपील चालू आहे. प्लॉट सव्वादोन एकर, डोंगराच्या उतारावर, नाचणी आणि वरईचा. दाव्याला जुनी दंडाची पावती, गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब आणि वनहक्क समितीचा स्थळ पाहणीचा पंचनामा जोडलेला. ग्रामसभेने दावा मंजूर केला. वर उपविभागीय समितीत, म्हणजे प्रांताच्या समितीत, तो अपात्र ठरला. कारण काय, तर उपग्रहाच्या नकाशात शेती दिसत नाही.

तो नकाशा काकांना कोणी दाखवलाच नव्हता. माहिती अधिकारात अर्ज करून आम्ही तो काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नकाशा उन्हाळ्यातला आहे, आणि उन्हाळ्यात डोंगरावरचं कुठलंच शेत शेतासारखं दिसत नाही. दोन, वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवली की पड टाकावी लागते, नाहीतर नाचणी येत नाही. त्या वर्षी तो तुकडा पड होता. ही गोष्ट ऑफिसातल्या साहेबांना माहीत नसणार, त्यात नवल नाही. ती माहीत असणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच कोणी विचारलं नाही.

ऐकून घेणं म्हणजे साहेबांनी केलेली मेहरबानी नव्हे. खरी गोष्ट समितीपुढे यायचा तो रस्ता आहे. म्हणून नुसतं "या, बोला" म्हटल्याने सुनावणी होत नाही. आपल्या विरुद्ध कुठला कागद आहे, कोणाचा अहवाल आहे, हे आधी कळलं पाहिजे. त्याशिवाय माणूस बोलणार कशावर? काकांना प्रांत ऑफिसात बोलावलं असतं आणि नकाशा लपवून "तुमचं काय म्हणणं आहे" असं विचारलं असतं, तर "मी आजोबांपासून कसतो" एवढंच ते म्हणाले असते. त्यांचं खरं उत्तर तोंडातच राहिलं असतं.

हे सगळं वनहक्क कायद्यात लिहिलेलं आहे. कलम ६ सांगतं की दावेदाराला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याचं अपील त्याच्या विरुद्ध निकाली काढता येत नाही. २०१२ साली नियमांत १२-अ हा नियम घातला, तो आणखी स्पष्ट आहे. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं, तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवलं पाहिजे. म्हणजे भिंतीवरची यादी चालत नाही. कळवल्यापासून अपिलाला साठ दिवस, आणि समितीला वाटलं तर आणखी तीस. वरच्या समित्यांनी ग्रामसभेचा ठराव फिरवला तर सविस्तर कारणं लिहिली पाहिजेत. एकच ठराविक कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. उपग्रहाचा नकाशा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी चालत नाही.

हाच नियम फॉरेस्टवाल्यांचंही ऐकून घ्या असं सांगतो. जागेच्या पाहणीला ते आले नाहीत आणि मागाहून हरकत घेतली, तर पाहणी पुन्हा करायची. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय शेवटचा. यात आम्हाला काही चुकीचं वाटत नाही. त्यांना दुसरी संधी मिळते तर आम्हाला पहिली तरी मिळावी.

आता दुसरी गोष्ट, निकाल कोणी द्यायचा. इथे फॉरेस्ट खात्याचीच एक जुनी केस सांगण्यासारखी आहे, क्रैपाक केस. १९६६ साली भारतीय वनसेवा सुरू झाली, तेव्हा जम्मू-काश्मीरमधून कोणत्या वन अधिकाऱ्यांना त्या सेवेत घ्यायचं हे ठरवायला निवड मंडळ बसलं. मंडळात तिथले कार्यवाहक मुख्य वनसंरक्षक सभासद होते, आणि निवडीसाठी ते स्वतःही उमेदवार होते. स्वतःचं नाव निघालं तेव्हा ते बाजूला झाले. पण ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा होती त्यांची नावं निघाली तेव्हा ते बसून होते, आणि शेवटची क्रमवार यादी करतानाही होते. यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर आलं. त्यांच्यापेक्षा वरिष्ठ तिघं गळले.

गळलेले अधिकारी सुप्रीम कोर्टात गेले. मंडळाचे बाकीचे सभासद म्हणाले, त्यांनी आमच्यावर काहीच दबाव टाकला नाही. २९ एप्रिल १९६९ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. त्यांनी सांगितलं की मनात खरंच पक्षपात होता का, हे सिद्ध करत बसायची गरज नाही, कारण माणसाच्या मनात कोण शिरणार? पक्षपात होण्यासारखी परिस्थिती होती का, एवढं बघायचं. ती होती, म्हणून सगळी निवड रद्द. सरकारचं म्हणणं होतं की हे कोर्ट नव्हे, नुसतं ऑफिसचं काम आहे. तेही चाललं नाही. ज्या कामाने माणसाच्या हक्कावर परिणाम होतो तिथे ऑफिसलाही न्यायानेच वागावं लागतं.

म्हणजे साहेबांची नोकरी हुकली तेव्हा हा नियम लागला. मग आमची जमीन जाते तेव्हा का नाही?

आपल्या गावपातळीवर तर तो लागलेलाच आहे. वनहक्क समितीच्या सभासदाचा स्वतःचा दावा असेल तर त्याने तसं सांगायचं आणि त्या दाव्याच्या पडताळणीत भाग घ्यायचा नाही, असं नियम ३ सांगतो. आपली माणसं ते पाळतात, उठून बाहेर जातात. पण वरच्या समितीत काय दिसतं? ज्या अधिकाऱ्याच्या सहीने दाव्यावर हरकत आली, तोच सभासद म्हणून बसलेला. कधी तर त्याच माणसावर अतिक्रमणाची केस त्यानेच केलेली. हरकत घेणारा तोच आणि तोलणारा तोच. कुंपणानेच शेत खायचं म्हटल्यावर राखण कोणी करायची?

इथे नीट बोललं पाहिजे. वन अधिकारी समितीत बसतो तो कायद्यानेच बसतो. म्हणून "फॉरेस्टचा माणूस होता, सबब निकाल रद्द" असं म्हटलं तर ते टिकणार नाही. पण १२-अ मध्येच आणखी एक तरतूद आहे. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयावर कुठल्या सरकारी खात्याला हरकत असेल, तर त्याने अपील करायचं. ते अपील समितीने दावेदाराचं ऐकून आणि त्या खात्याच्या प्रतिनिधीला बाहेर ठेवून ठरवायचं. आमच्या मते वनखातं हरकतदार म्हणून आलं की त्यालाही हेच लागतं. त्या दाव्यापुरतं त्या साहेबाने खुर्ची सोडावी आणि समोर उभं राहून आपलं म्हणणं मांडावं. आम्ही उत्तर देऊ आणि बाकीचे सभासद ठरवतील.

पण ही हरकत घ्यायची वेळ असते. १९५७ च्या माणकलाल केसमध्ये चौकशी करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने वकील म्हणून उभा राहिला होता. अशा माणसाने तिथे बसायला नको होतं, असं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. तरी माणकलाल हरला, कारण माहीत असून तो चौकशीभर गप्प बसला आणि निकाल विरुद्ध गेल्यावर बोलला. म्हणून सुनावणीला गेल्यावर पहिल्यांदा हेच बोलायचं, लेखी द्यायचं, पोच घ्यायची आणि रोजनाम्यात नोंद करायला लावायची. विरुद्ध पुराव्याच्या नकला त्याच अर्जात मागायच्या. नकला नाहीत तर पुढची तारीख मागायची. अपात्रतेचं पत्र हातात आलं त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहून ठेवायची, कारण साठ दिवस तिथून मोजले जातात.

एवढ्याने जमीन मिळते का? नाही. सुनावणी न देता झालेला निकाल रद्द झाला तर बहुधा दावा परत सुनावणीलाच येतो. तेव्हा पुरावा आपल्याकडे तयार लागतो. पण ऐकून घेतल्यावर उत्तर देता येतं, आणि काकांच्या प्लॉटचं उत्तर नाचणीइतकं साधं होतं.

यात काय पणाला लागलंय ते २०१९ साली दिसलं. १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अपात्र दावेदारांना जमिनीवरून काढायला सांगितलं. लाखो घरांवर ती कुऱ्हाड होती. २८ फेब्रुवारीला तोच आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं की दावे नाकारताना कुठली पद्धत वापरली, लोकांना पुरावा मांडायची संधी दिली का, कारणं देऊन निर्णय केले का. आमचं घर आणि आमचं शेत त्या दिवशी या एका प्रश्नावर उभं राहिलं. तोच प्रश्न आता प्रत्येक पाड्याने प्रांत ऑफिसात जाऊन विचारायचा आहे. आमच्या विरुद्ध काय आहे ते दाखवा, आमचं ऐका, आणि ज्याने हरकत घेतली त्याला त्या खुर्चीवरून उठवा.

जिंदाबाद!