उतारा सांगेल तोच कायदा

क्लॅट देणाऱ्या मुलामुलींच्या दप्तरात अजूनही लॅटिन न्यायवचनांच्या याद्या आणि कलमं पाठ करून घेणारी पुस्तकं सापडतात, आणि त्यांचे महिनेच्या महिने तिथे खर्ची पडताना पाहून वाईट वाटतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या या प्रवेशपरीक्षेचं स्वरूप २०२० मध्ये बदललं. सध्या १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि ते उताऱ्यांवर विचारले जातात. विधी तर्काचे २८ ते ३२ आणि इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न म्हणजे जवळपास निम्मी परीक्षा. विधी तर्कासाठी कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणाऱ्या संघानेच सांगितलेलं आहे. तरीही मुलं पाठांतर सोडत नाहीत. त्या पाठांतराचा नुसता उपयोग होत नाही एवढंच नाही, तर ते नुकसानही करतं. ते कसं, हे एका प्रश्नावरून दाखवतो.

वर्गात सोडवायला मी केलेल्या एका उताऱ्याचं सार असं: जो माणूस आपल्या जागेच्या नेहमीच्या वापरात न बसणारी धोकादायक वस्तू तिथे आणून साठवतो, ती वस्तू त्या जागेबाहेर निसटून कुणाचं नुकसान झालं तर तो जबाबदार असतो, त्याने काळजी घेतली होती का, हे पाहिलं जात नाही. मात्र नुकसान तिऱ्हाइताच्या कृत्यामुळे झालं, आणि ते कृत्य मालकाच्या आवाक्याबाहेरचं व आधी कल्पना न येण्यासारखं असलं, तर मालक सुटतो.

आता हकिगत. एका रंगाच्या कारखान्यात आम्लाची टाकी आहे. रात्री कुणी अनोळखी माणूस कुंपण कापून आत येतो, टाकीचा व्हॉल्व्ह तोडतो, आणि आम्ल शेजारच्या उसात शिरतं. असं पूर्वी कधी घडलेलं नाही. मालक जबाबदार का? पर्याय चार. पहिला: हो, कारण वस्तू धोकादायक होती. दुसरा: नाही, कारण त्याने कुंपण घालून पुरेशी काळजी घेतली होती. तिसरा: नाही, कारण कृत्य तिऱ्हाइताचं होतं आणि त्याची कल्पना येणं शक्य नव्हतं. चौथा: हो, कारण घातक उद्योग चालवणाऱ्याला कोणताही अपवाद लागू होत नाही.

वाचन चांगलं असलेली, कायद्याची पुस्तकं चाळलेली मुलं हटकून चौथा पर्याय धरतात. त्यांना एम. सी. मेहता खटला ठाऊक असतो. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली, आणि त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी अपवाद नसलेली, संपूर्ण जबाबदारी मांडली. त्यांची माहिती अगदी बरोबर आहे. पण समोरच्या उताऱ्यात आहे तो १८६८च्या इंग्लंडमधल्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याच्या वळणाचा नियम, अपवादासकट. प्रश्न उताऱ्यातला नियम लावायला सांगतो, म्हणून उत्तर तिसरं. हीच ती पाठांतराने केलेली हानी: डोक्यातला कायदा कागदावरच्या कायद्याच्या आड येतो.

दुसरा पर्याय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचा निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र चूक आहे. काळजी घेतली की नाही हे पाहायचं नाही, असं उताऱ्याने स्पष्ट सांगितलेलं आहे. विधी तर्कातले बरेचसे गुण इथेच जातात, कारण ‘हो’ की ‘नाही’ एवढं ठरलं की मुलं पहिल्या जुळणाऱ्या पर्यायावर थांबतात. म्हणून ‘हो-नाही’ ठरल्यावर त्या बाजूच्या दोन्ही पर्यायांतली कारणं वाचायची, आणि प्रत्येक कारणाचं वाक्य उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं का ते पाहायचं.

याच हकिगतीत एकेक तपशील बदलत गेलं, की उत्तम सराव होतो. गेल्या महिन्यात कुंपण दोनदा कापलं गेलं होतं आणि रखवालदाराने मालकाला तसं लेखी कळवलं होतं, असं धरा. मग ‘कल्पना न येण्यासारखं’ ही अट कोसळते आणि मालक जबाबदार ठरतो. अपवादाला दोन अटी होत्या आणि त्या ‘आणि’ने जोडलेल्या होत्या, एक तुटली की अपवाद गेला. आता तिऱ्हाईत काढून टाका. व्हॉल्व्ह आपोआप फुटला आणि आवारातच काम करणारा कामगार भाजला, असं समजा. सहानुभूती सगळी कामगाराकडे जाते, पण आम्ल जागेबाहेर निसटलंच नाही, म्हणजे या नियमाखाली मालक जबाबदार नाही. याच मुद्द्यावर ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोटात जखमी झालेल्या एका महिला निरीक्षकाचा दावा फेटाळला होता. कामगाराला दुसऱ्या कायद्याने भरपाई मिळेलही, पण तो कायदा उताऱ्यात नाही.

इंग्रजीच्या उताऱ्यांना हीच शिस्त लागते, हे मुलांच्या लक्षात येत नाही. तिथे नियमाच्या जागी लेखकाचं म्हणणं असतं. उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे. लेखक आधी दोन परिच्छेद विरोधकांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, मग ‘हाउएव्हर’ म्हणून वळतो आणि स्वतःचं मत सांगतो. घाईत वाचणारा विरोधकांचं मत लेखकाच्या तोंडी घालतो. समासात पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदापुढे एवढंच लिहायचं: इथे कोण बोलतंय? विधी तर्काच्या उताऱ्यातही पक्षकाराचा युक्तिवाद, कनिष्ठ न्यायालयाचं मत आणि शेवटी ठरलेला नियम एकापाठोपाठ येतात. तिथेही हाच प्रश्न विचारायचा.

सरावाला २०२० नंतरच्या प्रश्नपत्रिका आणि संघाने दिलेले नमुना प्रश्न घ्यावेत. त्याआधीच्या पत्रिकांत लांब उताऱ्यांऐवजी छोटं तत्त्व आणि छोटी हकिगत असे, त्यामुळे तो सराव वेगळा पडतो. एका उताऱ्याला वाचायला तीन मिनिटं आणि त्यावरच्या पाचेक प्रश्नांना तेवढीच, असं घड्याळ लावून बसावं. चुकांच्या वहीत नुसतं बरोबर उत्तर उतरवू नये. चूक कशामुळे झाली ते लिहावं: बाहेरचा कायदा आणला, अट वाचली नाही, कारण तपासलं नाही, की भलत्याचं मत लेखकाचं मानलं. पंधरा-वीस उताऱ्यांनंतर बहुतेकांची एकच चूक पुन्हापुन्हा दिसायला लागते, आणि मग पुढच्या सरावाला दिशा मिळते.

चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून मुलं संशय आला की प्रश्न सोडून देतात. पण दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं हिशेबाने फायद्याचं आहे: असे चार प्रश्न घेतले आणि दोन बरोबर आले, तर दोन गुण मिळतात आणि अर्धा जातो. चारही पर्याय सारखेच धूसर दिसत असतील, तर मात्र वेळ पुढच्या उताऱ्याला द्यावा.

महाराष्ट्रातली बरीच मुलं क्लॅटबरोबर राज्याची विधी सीईटीही देतात. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, पेपर मराठीतूनही देता येतो, आणि कायद्याची माहिती थेट विचारली जाते. कलमांची आणि न्यायवचनांची ती वही त्या परीक्षेसाठी जरूर ठेवावी; क्लॅटचा उतारा सोडवताना ती मिटलेली असावी.